चार सह्या

स्वतःचा परिचय कसा लिहावा हे मला एका निवृत्त स्टोअरकीपरने शिकवले. नाना आमच्या खोपोलीच्या चाळीतले. नात्याचे कुणी नव्हते, पण वडील गेल्यानंतर आमच्या घरातला कुठलाही कागद बाहेर पडण्याआधी नानांच्या डोळ्यांखालून जायचा. रेशनकार्डाचा अर्ज असो की भावाच्या शाळेचे पत्र, ते चष्मा लावून शेवटच्या सहीपर्यंत वाचत आणि मगच परत देत. ते आता नाहीत. मी आज कामासाठी जे काही लिहिते, त्यातल्या क्रियापदांवर त्यांचे ऋण आहे, आणि ते कशा प्रकारचे आहे हे नीट सांगावे म्हणून हे लिहायला बसले आहे.

नानांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. नट-बोल्टपासून मोटारींपर्यंत सगळा माल त्यांच्या फडताळांवर. यंत्र बंद पडले, बेअरिंग लागले, की फिटर इश्यू स्लिप घेऊन खिडकीशी येई. त्या स्लिपवर चार सह्यांच्या जागा असत: मागणाऱ्याची, मंजुरी देणाऱ्याची, माल देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. बेअरिंग एकच, काम एकच, यंत्र चालू झाले तर श्रेय साऱ्या खात्याचे. तरी सह्या चार, आणि प्रत्येकाने आपापल्या रकान्यातच करायची. त्यात कुणी मोठा, कुणी छोटा असा प्रश्नच नसे, असे नाना सांगत. वर्षअखेर मोजणीत एक बेअरिंग कमी भरले, तर कुणाला काय विचारायचे हे त्या रकान्यांवरून कळे. मंजुरी देणाऱ्याला विचारायचे, गरज होती का? देणाऱ्याला विचारायचे, किती दिलेत? घेणाऱ्याला विचारायचे, बसवलेत कुठे? एकाने दुसऱ्याच्या रकान्यात सही केली की उत्तर देणारा माणूसच चुकीचा ठरतो.

ही स्लिप मला नुसती ऐकून माहीत होती. तिचा उपयोग मला २०२३ नंतर कळला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या अंगावर वसलेली ठाकूर समाजाची वाडी, वर जायला रस्ता नाही, मानिवलीच्या बाजूने पायी चढावे लागे. पाऊस थांबत नव्हता, हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, यंत्रे वर नेता येत नव्हती. एनडीआरएफचे जवान, खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या गिर्यारोहक संस्थांची मुले, सिडकोने पाठवलेले मजूर, आसपासच्या गावांतले लोक यांनी हातांनी, कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २३ जुलैला शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. वाचलेल्या कुटुंबांना आधी खाली आसरा मिळाला, मग चौकजवळ कंटेनरची तात्पुरती घरे, आणि पुढे सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधली.

मी त्या दिवसांत खाली होते. आमचा एक छोटा स्वयंसेवी गट होता. आम्हाला एक हॉल मिळाला होता आणि रस्त्याने येणारी मदत तिथे उतरत होती. चादरी, ताडपत्र्या, बिस्किटांचे खोके, सॅनिटरी पॅड, भांडी, पाण्याच्या बाटल्या. आलेल्या मालाचे रजिस्टर मी सुरू केले. गावकऱ्यांना काय द्यायचे, कुणाला आधी द्यायचे हे तहसील कार्यालयाची माणसे आणि वाडीतले जाणते मिळून ठरवत. त्या यादीप्रमाणे आम्ही गठ्ठे बांधत होतो. संध्याकाळी मुलांना गोळा करून गोष्टी, खेळ, चित्रे असे काहीतरी चाले. मी वर, दरडीच्या जागी, कधी गेले नाही. त्या भागात प्रशासनाने बाहेरच्यांना बंदी केली होती आणि मला तिथे जाण्याचे कारणही नव्हते.

काही महिन्यांनी एका संस्थेत तालुका समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज मागवले होते. एका पानाचा परिचय लावायचा होता. मैत्रिणीने कॉम्प्युटरच्या दुकानातून एक नमुना आणून दिला. अशा नमुन्यांत क्रियापदे आधीच भरलेली असतात आणि रिकाम्या जागी फक्त कामाचे नाव घालायचे असते. माझ्या नमुन्यात होते: ‘…चे नेतृत्व केले’, ‘…चे यशस्वी व्यवस्थापन केले’. इंग्रजी अर्जातही असेच चार शब्द फिरत असतात, लेड, मॅनेज्ड, सपोर्टेड, असिस्टेड, आणि भरणारा आपल्या हिमतीप्रमाणे त्यातून उचलतो. मी नमुना बाजूला ठेवला आणि नानांसारख्या जुन्या वळणाच्या लोकांना रुचेल असे मवाळ लिहिले: इर्शाळवाडी बचावकार्यात खारीचा वाटा उचलला. मदत साहित्याच्या नोंदीत मदत केली. वाटपाचे काम पाहिले. मुलांसाठी उपक्रम घेण्यात आले. मला वाटत होते, नाना खूश होतील.

नानांनी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. क्रियापदाआधी त्यांनी नाम पाहिले. “बचावकार्य कुठे होतं, पोरी?”

“वर, नाना.”

“तू कुठे होतीस?”

“खाली.”

“मग हे वाक्य वर कसं चढलं?”

‘बचावकार्य’ खोडले आणि तिथे ‘मदतकार्य’ आले. ही दुरुस्ती मला आजही सगळ्यांत मोलाची वाटते, कारण अशा जागी वाक्यातले क्रियापद अगदी नम्र असते आणि तरी वाक्य खोटे होते. ‘बचावकार्यात सहभाग’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिखलात कुदळ मारणारी मुले येतात. ती मुले वेगळी होती. त्यांच्यातल्या काहींना मी ओळखते. ती हे शब्द कुठेही लिहीत नाहीत, आणि माझ्या ओळीत त्यांचे काम उचलले जाणार होते. परिचय तपासताना लोक क्रियापदाचा जोर पाहतात, पण कामाची व्याप्ती वाढवणारे नाम तसेच सुटून जाते. ‘प्रकल्पात’, ‘अभियानात’, ‘मोहिमेत’ हे शब्द एवढे मोठे असतात की आत कुणीही मावतो. आपण ज्या तुकड्यात होतो त्याचेच नाव घ्यायचे, हे नानांचे पहिले कलम होते.

मग ‘खारीचा वाटा’. मला वाटले होते यात कुणाला आक्षेप नसेल. नाना म्हणाले, “खारीला कुणी विचारत नाही, किती वाळू आणलीस. म्हणून सगळे खारी होतात.” त्यांचे म्हणणे असे होते की या शब्दातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एका दिवसाचे श्रम करणारा आणि महिनाभर हॉलची किल्ली कनवटीला बाळगणारा, दोघेही खारीच. तिथे जे केले ते लिहायचे. मी सांगितले, रजिस्टर मी सुरू केले, रकाने मी ठरवले. आवक, गाडीचा क्रमांक, आणणाऱ्याचे नाव, माल, नग, शिल्लक, सही. दोन मुली पाळीने लिहीत, पण रात्री शिल्लक मोजून त्यावर सही मीच करत होते.

“मग ‘नोंदीत मदत केली’ कसं?” नानांचा आवाज चढला. “मदत कुणाला केलीस? दुसऱ्या कुणाचं रजिस्टर होतं का?”

त्या संध्याकाळी मला जे कळले ते इथे नीट मांडते, कारण नम्रतेचा हा प्रकार आपल्याकडे फार मानाचा समजला जातो. एखादे काम आपण चालवले असताना ‘मदत केली’ लिहिले, तर ते चालवणारा दुसरा कुणी आहे असे वाक्य सांगते. वाचणारा त्या दुसऱ्या माणसाला शोधतो. शिल्लक जुळली नाही, कुणी तक्रार केली, तर जबाबदारीही त्या नसलेल्या माणसाकडे जाते. नानांच्या भाषेत, देणाऱ्याच्या रकान्यात सही न करता मोकळे होण्यासारखे ते आहे. कमी लिहिणे हेही चुकीच्या रकान्यातले लिहिणेच.

मग नानांनी मला एक प्रश्न विचारला, आणि त्याच प्रश्नाने पुढे माझी सगळी क्रियापदे ठरली. “तफावत आली होती का कधी?”

आली होती. एका रात्री रजिस्टरप्रमाणे चादरी जास्त दिसत होत्या आणि फडताळावर कमी. मी पुन्हा मोजले, मुलींना विचारले, तेव्हा दुपारची एक गाडी आमच्या हॉलवर न थांबता परस्पर गावकऱ्यांच्या तंबूंकडे गेली होती असे कळले. तिच्यातला माल आवकमध्ये आधीच चढवला होता, कारण गाडीवाल्याचा फोन आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला की गाडी दारात उभी राहून नग मोजले जाईपर्यंत आवक चढवायची नाही, आणि परस्पर पोचवलेल्या मालासाठी वेगळी चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर तिकडे घेणाऱ्याची सही. त्यानंतर शिल्लक जुळत राहिली.

“हे तू कुणाला विचारून केलंस?”

“कुणालाच नाही. माझंच काम होतं ते.”

“मग लिही, रजिस्टर सुरू केलं आणि सांभाळलं. सांभाळलं या शब्दात हे सगळं आहे.”

‘सांभाळले’ आणि ‘नेतृत्व केले’ यातला फरक त्यांनी याच प्रसंगावरून दाखवला. रजिस्टर कसे चालवायचे हे माझ्या हातात होते. पण मदत कुणाला, किती, कोणत्या क्रमाने, हे माझ्या हातात नव्हते. दोन मार्ग समोर असताना एक निवडणे, आणि निवड फसली तर त्याचे उत्तर देणे, ही नेतृत्वाची खूण. वाटपाच्या बाबतीत ती निवड तहसीलची आणि वाडीतल्या माणसांची होती. म्हणून ‘वाटपाचे काम पाहिले’ ही माझी ओळही अडली. ‘काम पाहिले’ हा आपला लाडका प्रयोग. अध्यक्ष म्हणून काम पाहिले, निरीक्षक म्हणून काम पाहिले. त्यात निर्णय घेणारा आणि गठ्ठे बांधणारा दोघेही बसतात, म्हणूनच तो आवडतो. नानांनी विचारले, यादी कुणाची? मी म्हटले, तहसीलची. गठ्ठे कुणी बांधले? आम्ही. कुटुंबांपर्यंत कुणी पोचवले? त्यांची माणसे आणि वाडीतले तरुण. मग ओळ अशी झाली: तहसील कार्यालयाने दिलेल्या यादीप्रमाणे साहित्याचे कुटुंबनिहाय गठ्ठे तयार करून वाटपास साहाय्य केले. ‘साहाय्य’ इथे खरे होते. दुसऱ्याच्या निर्णयाचे काम होते, माझा भाग वेगळा आणि पूर्ण होता, त्यावाचून वाटप अडले असते, आणि तरी त्या वाटपाच्या बऱ्या-वाईटाला मी जबाबदार नव्हते.

‘साहाय्य’ आणि ‘मदत’ यांत एरवी फारसा फरक कुणी करत नाही. नानांनी केला, तो मी पुढे कायम ठेवला. पाण्याच्या बाटल्यांची गाडी आली की आम्ही रांग करून त्या आत नेत असू. ते मी करत होते, माझ्या शेजारचा मुलगा करत होता, वाटेने जाणारा एखादा शिक्षकही थांबून करत होता. मी त्या रांगेत नसते तर कुणी दुसरा उभा राहिला असता. ते मदतीचे काम. आणि अशा कामाला ‘मदत केली’ हा शब्दही लांबचाच पडतो. ‘उतरवले’, ‘वाहून नेले’ हे त्याचे खरे शब्द. ज्या कामाला साधे शारीरिक क्रियापद आहे, तिथे तेच वापरायचे. इर्शाळवाडीला ज्यांनी पाठीवरून सामान वर नेले, त्यांच्यासाठी ‘साहाय्य केले’ लिहिणे म्हणजे त्यांचा घाम पुसून टाकणे. ‘चढावरून सामान वाहून नेले’ याहून मोठे वाक्य त्यांच्यासाठी नाही. नाना म्हणाले, “घाम किती गेला यावरून क्रियापद ठरवायचं नसतं. ठरवलं कुणी आणि भरून कोण देणार, यावरून ठरतं.”

शेवटची ओळ मुलांच्या उपक्रमांची. ‘उपक्रम घेण्यात आले’. घेण्यात आले, कुणाकडून? सरकारी परिपत्रकांतून हा प्रयोग आपल्या अंगात इतका भिनला आहे की कर्ता गायब आहे हे लिहिणाऱ्याला जाणवतही नाही. मी म्हटले, आम्ही घेतले. “आम्ही म्हणजे कोण?” चौघीजणी. कल्पना एका शिक्षिकेची. ती शाळा संपवून रोज येई. मी आठवड्यातून काही संध्याकाळी त्यांच्यासोबत असायचे, आणि ती नसेल तेव्हा मुलांना सांभाळायचे. तेव्हा वाक्य झाले: एका स्थानिक शिक्षिकेने सुरू केलेल्या सायंकाळच्या मुलांच्या वर्गात तिघी सहकाऱ्यांसह सहभागी. माझे नाव त्या वाक्यात मागे गेले आणि तिचे पुढे आले. मला थोडे खटकले, हे खरे. ओळ लांबली आणि तिच्यात माझा भाग कमी दिसू लागला. नाना म्हणाले, “मुलाखतीला तुलाच विचारणार आहेत. तिची गोष्ट तुला नीट सांगता येईल का ते बघ. आली पाहिजे.”

परिचय पूर्ण झाला तेव्हा त्यात नेतृत्व हा शब्द एकदाही नव्हता. नाना म्हणाले, असायलाच पाहिजे असं काही नाही. आणि मग थांबून त्यांनी विचारले, गटात दुसरे काही ठरवले होतेस का कधी? त्याच्या मागच्या वर्षी, कर्जतच्या बाजूच्या दोन वाड्यांत पावसाळ्याआधी विहिरी साफ करण्याचे काम मी सुचवले होते, गावाची बैठक मी बोलावली होती, पैसे कमी पडतात म्हणून तिसरी वाडी सोडण्याचा निर्णय मी घेतला होता, आणि त्या तिसऱ्या वाडीला जाऊन कारणही मीच सांगितले होते. “मग तिथे लिही नेतृत्व. ती वाडी सोडलीस आणि तोंड दाखवायलाही गेलीस, ते नेतृत्व.” ते काम आमच्या गटाच्या अहवालात एका ओळीचे होते आणि मी ते अर्जात घेतलेही नव्हते, कारण मला ते इर्शाळवाडीपुढे फार लहान वाटत होते. नानांच्या हिशेबात कामाचा आकार वेगळा आणि माझा त्यातला रकाना वेगळा. लहान कामातले नेतृत्व आणि मोठ्या कामातले साहाय्य शेजारी शेजारी लिहिले की वाचणाऱ्याला माणूस दिसतो.

मुलाखतीत तिघे होते. त्यांनी माझ्या परिचयातले ‘सांभाळले’ धरले. रजिस्टरचे रकाने कुणी ठरवले, शिल्लक कोण मोजत होते, कधी चुकले का. मी चादरींची गोष्ट सांगितली. मग एकाने विचारले, वाटपात कुणावर अन्याय झाला असे वाटते का? मी सांगितले की यादी माझी नव्हती, मी जे पाहिले तेवढे सांगू शकते, आणि जे पाहिले ते सांगितले. त्यांना त्यानंतर वाटपाविषयी मला काही विचारायचे उरले नाही. त्यांनी विहिरींकडे वळून तिसऱ्या वाडीविषयी बराच वेळ विचारले. नोकरी मिळाली. तिथल्या एका वरिष्ठ बाईंनी पुढे मला सांगितले की त्यांनी माझ्या गटातल्या एका जाणत्या व्यक्तीला फोन केला होता आणि रजिस्टर कुणाकडे होते असे विचारले होते. माझी ओळ आणि त्या माणसाचे उत्तर जुळले.

आता त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी बसते. अर्ज येतात. एकदा एकाच मदत शिबिराचे नेतृत्व केल्याचे तीन अर्ज एका दिवशी माझ्यासमोर आले, तिघेही एकाच गटातले, तिघेही चांगले. त्यांना आम्ही बोलावले आणि प्रत्येकाला वेगवेगळे विचारले की शिबिराची जागा कुणी निवडली. तिघांनीही एकाच चौथ्या माणसाचे नाव सांगितले. तिघांनी खरोखर काय केले होते ते मग हळूहळू बाहेर आले: एकाने परवानग्यांसाठी कार्यालयांचे खेटे घातले होते, एकीने स्वयंपाकघर दहा दिवस चालवले होते, एकाने रुग्णांना दवाखान्यात नेले होते. स्वयंपाकघर चालवणारी मुलगी आम्ही घेतली. तिच्या कागदावर स्वयंपाकघर हा शब्दच नव्हता. मी तिला रुजू झाल्यावर सांगितले की तुझ्या परिचयातली सगळ्यांत भारी ओळ तू लिहिलीच नव्हतीस. ती म्हणाली, स्वयंपाक काय लिहायचा, ताई. मी तिला नानांची स्लिप सांगितली.

संशोधनाच्या जगात हा प्रश्न किती जुना आणि किती तीव्र आहे हे मला आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टरांमुळे कळले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचे याच्या चार अटी ठरवल्या आहेत. कामात खरा बौद्धिक वाटा, लेख लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि २०१३ मध्ये घातलेली चौथी अट, संपूर्ण कामाच्या खरेपणाला उत्तर द्यायची तयारी. चारही असतील तर लेखक, बाकीच्यांचे आभार. त्याहूनही मला जवळची वाटली ती ‘क्रेडिट’ नावाची पद्धत. तीत १४ भूमिका नावानिशी दिल्या आहेत, जसे संकल्पना, पद्धती, माहितीची निगा, साधनसामग्री, देखरेख, पहिला मसुदा, निधी मिळवणे. आणि प्रत्येक भूमिकेपुढे हवे तर तीन दर्जे लावता येतात: प्रमुख, समान, साहाय्यक. २०२२ मध्ये तिला अमेरिकेत मानकाचा दर्जा मिळाला. डॉक्टरांनी मला तक्ता दाखवला तेव्हा मी त्यांना म्हटले, आमच्या खोपोलीला हे एका इश्यू स्लिपवर होते. ते हसले, पण मी गंभीरपणे म्हणत होते. ‘समान’ हा दर्जा मात्र आमच्या स्लिपवर नव्हता, आणि तो मला फार आवडला. दोघींनी मिळून खरेच अर्धे-अर्धे केलेले काम मराठी परिचयात सहसा एकीकडेच ओढले जाते. तेव्हापासून मी ‘अमुक यांच्यासह समान जबाबदारीने’ असे लिहायला सांगते.

नानांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत, त्यांविषयी मी त्यांच्याशी बोलायला हवे होते. काम चालू असताना भूमिका बदलतात. इर्शाळवाडीच्या रजिस्टरची जबाबदारी काही काळाने प्रशासनाकडे गेली, आणि मी ते आणखी थोडे दिवस लिहायला बसले, पण शिल्लकीवर सही दुसऱ्याची होती. त्या दिवसांसाठी ‘सांभाळले’ चालत नाही. म्हणून ओळ दोन भागांत मोडावी लागते: सुरुवातीच्या टप्प्यात सांभाळले, हस्तांतरानंतर नोंदी लिहिण्यास साहाय्य केले. आणि काही कामांना कुणी एक ठरवणारा नसतोच. दरडीच्या रात्री मानिवलीच्या बाजूने ज्यांनी अंधारात टॉर्च घेऊन वर धाव घेतली, त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. तिथे नेता शोधण्याचा हट्ट केला तर वाक्यच खोटे होईल. ‘गावकऱ्यांसोबत वर गेलो’ एवढेच तिथे खरे असते.

नाना गेल्यानंतर त्यांच्या मुलाने शोकसभेसाठी परिचय लिहायला मलाच सांगितले. त्याने आपला एक मसुदा दिला होता. त्यात होते, ‘कारखान्याचे स्टोअर उभारण्यात सिंहाचा वाटा’. मी तो कागद घेऊन नानांच्या जुन्या सहकाऱ्याकडे गेले. शीळफाट्याजवळ राहतात, ऐकायला कमी येते. त्यांना विचारले, स्टोअर उभारले कुणी? ते म्हणाले, आधीच्या स्टोअरकीपरने; नाना नंतर आले. मग नानांनी काय केले? त्यांनी बराच वेळ आठवले आणि मग सांगितले की नाना येण्याआधी स्पेअर पार्ट फडताळावर नावाने लावलेले असत, आणि एकाच बेअरिंगला तीन खाती तीन नावे देत, त्यामुळे माल असून ‘नाही’ म्हटले जाई. नानांनी प्रत्येक नगाला क्रमांक दिला आणि प्रत्येक खणाला बिनकार्ड लावले. कल्पना त्यांची, मॅनेजरची मंजुरी, क्रमांक लिहून चिकटवण्याचे काम त्यांचे आणि दोन मदतनिसांचे. मी विचारले, मदतनीस कोण? त्यांनी एक नाव सांगितले, आणि दुसरा मीच, असे म्हणाले.

मुलाला सिंहाचा वाटा काढल्याचे आवडले नाही. तो म्हणाला, वडिलांच्या शोकसभेला तरी कशाला एवढं मोजून लिहायचं. मी त्याला बिनकार्डाची गोष्ट सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती. मग तो काही बोलला नाही, आणि आम्ही दोघांनी बसून ओळ लिहिली: ‘दोन सहकाऱ्यांच्या साथीने स्टोअरमधील सुट्या भागांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली आणि निवृत्तीपर्यंत स्टोअर सांभाळले.’ सभेला ते शीळफाट्याचे सहकारी आले होते. ओळ वाचली तेव्हा त्यांना ऐकू आली नाही, म्हणून मुलानेच कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि ‘दोन सहकाऱ्यांच्या’ या शब्दांखाली बोट ठेवून शेजारी बसलेल्या आपल्या नातवाला दाखवले.